सत्रअखेरची पालकांसाठीची टिप्पणी: वर्गशिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत चौथी ते सातवीचे वर्ग सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. दसऱ्याच्या सुट्टीच्या तोंडावर तेच ते प्रश्न दरवर्षी कानावर येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली. सगळा भर चौथीतल्या एका मुलीच्या टिप्पणीवर ठेवला आहे, कारण अशी टिप्पणी कशी लिहायची हे नियमांपेक्षा उदाहरणातून लवकर कळतं.

सॅट्सवर ग्रेड भरतोच, प्रगतिपत्रकही देतो. मग ही वेगळी टिप्पणी कशाला?

कारण ग्रेडच्या आत बरंच काही दडून राहतं. आपल्याकडे बी प्लस म्हणजे ५० ते ६९. जुलैच्या मूल्यमापनात ५२ वर असलेलं पोर सत्राच्या शेवटी ६७ वर आलं तरी पत्रकावर दोन्ही वेळा बी प्लसच. घरी बाप म्हणणार, "हायस तिथंच हायस की!" उलटही होतं. ७१ चे ६८ झाले की ए चा बी प्लस होतो आणि घरात उगीच रडारड. हललं काय आणि अडलं काय, हे अक्षरात मावत नाही. ते चार ओळींत सांगायचं असतं.

कधी द्यायची?

पहिल्या सत्राची संकलनात्मक परीक्षा तपासून झाली की. समुदायदत्त शाले कार्यक्रमाला पालक शाळेत येतात, तेव्हा हातात दिली तर सगळ्यात बरं, कारण वही समोर उघडता येते. पोराच्या दप्तरातून पाठवलेला कागद घरी पोचेलच असं नाही.

लिहायला बसण्याआधी काय जवळ हवं?

दोन तारखांचे दोन पुरावे, एवढंच. एक जूनचा, एक सत्रअखेरचा, आणि दोन्ही एकाच जातीचे. जूनमध्ये शुद्धलेखन घेतलं असेल तर सप्टेंबरातही शुद्धलेखनच. जूनला वाचन आणि सप्टेंबरला कविता पाठ, याची तुलना होत नाही.

जूनचं पान हाताशी नसतं ही खरी अडचण. वह्या भरल्या की रद्दीत जातात. म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक पोराकडून एका सुट्या कागदावर दोन गोष्टी लिहून घ्याव्या: पाच ओळी शुद्धलेखन आणि सांगितलेल्या दहा संख्या. वर तारीख घालून कागद फाईलला लावावे. वाचनासाठी एक मिनिट ऐकायचं, किती शब्द झाले आणि कुठे अडलं ते हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने टिपायचं. पोरागणिक दोन-तीन मिनिटं जातात. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला वर्गात निम्मीच पोरं असतात, तेव्हा हे काम उरकून घेता येतं. उरलेली पोरं पाऊस उघडल्यावर.

"गणितात कच्ची आहे, लक्ष द्यावे" असं लिहिलं तर काय बिघडतं?

घरच्यांना करण्यासारखं त्यात काही मिळत नाही. गणित म्हणजे पुस्तकाचे सगळे धडे. त्यातलं कुठलं कच्चं? आई पाढे पाठ करायला बसवेल, कारण तिला तेच आठवतं. आणि पाढे तर पोरीला येत असतील.

उदाहरणच घेऊ. मुलीला पूजा म्हणू या. नली-कलीतून चौथीत आलेली. सत्राच्या परीक्षेत गणिताला बी ग्रेड. फळ्यावर लिहून दिलेली ६३ वजा २७ ही हातच्याची वजाबाकी ती बरोबर करते. तोंडी उदाहरण सांगितलं की मात्र उत्तर चुकतं. इथे पुष्कळ जण "शाब्दिक उदाहरणे समजत नाहीत" असं लिहून मोकळे होतात. थांबा. तिने उदाहरणातली संख्या कशी लिहून घेतली आहे ते आधी बघा.

तिला दहा संख्या सांगितल्या: वीस, तेहेतीस, पंचेचाळीस, बावन्न, एकोणपन्नास, त्रेसष्ट, सत्त्याहत्तर, एक्याऐंशी, नव्वद, एकोणसत्तर. चार बरोबर आल्या, सहा चुकल्या. दहापैकी चार असं नुसतं लिहिलं असतं तर हाती काही लागलं नसतं. पण बरोबर कुठल्या आल्या बघा: २०, ३३, ७७ आणि ९०. म्हणजे एकतर पुरे दशक, नाहीतर दोन्ही अंक सारखे, जिथे उलटं लिहायला जागाच नाही. चुकलेल्यांत पंचेचाळीसचे ५४, बावन्नचे २५, त्रेसष्टचे ३६, एक्याऐंशीचे १८. आपण एकक आधी उच्चारतो, तीही ऐकेल तसं डावीकडून लिहीत जाते. "त्रे" ऐकलं की ३ टाकून मोकळी, मग साठ आठवून ६.

उरल्या दोन चुका वेगळ्या जातीच्या. एकोणपन्नासचे ५९ आणि एकोणसत्तरचे ७९. इथे अंक उलटलेले नाहीत. शेवटी नऊ येतो हे तिला कुठेतरी माहीत आहे, पण "पन्नासला एक कमी" हे बसलेलं नाही, म्हणून पन्नास ऐकून ती ५ लिहिते.

अशा वेळी कन्नडच्या शिक्षकांना विचारावं. त्यांच्या तासाला पूजाच्या संख्या चुकत नाहीत. अरवत्तमूरु म्हटलं की साठ आधी, तीन नंतर. ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. मराठीत चुकणारं पोर तिथे बरोबर लिहीत असेल तर दशक-एककाची समज शाबूत आहे, अडचण ऐकून लिहिण्याच्या क्रमात आहे, हे पक्कं होतं. दोन्हीकडे चुकत असेल तर मात्र काड्यांच्या जुड्या बांधण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि टिप्पणीही वेगळी होईल. सीमाभागातल्या शाळेत ही पडताळणी पलीकडच्या वर्गात फुकट मिळते, तरी फारसं कुणी वापरत नाही.

मग पूजाची टिप्पणी नेमकी कशी लिहायची?

अशी:

"पूजाच्या आई-वडिलांना नमस्कार.

जूनमध्ये पूजा ओळीवर बोट ठेवून एका मिनिटात २८ शब्द वाचत होती आणि जोडाक्षराला थांबत होती. आता ती न वाचलेला उतारा मिनिटाला ५१ शब्दांच्या वेगाने वाचते. वाचलेल्यावर दोन प्रश्न विचारले तर दोन्हींची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देते. 'ष्ट' आणि 'क्ष' असलेल्या शब्दांना अजून अडखळते.

गणितात लिहून दिलेली हातच्याची बेरीज-वजाबाकी तिला येते. सांगितलेली संख्या लिहिताना मात्र अंक उलटतात. त्रेसष्ट सांगितले की ३६ लिहिते. एकोणपन्नास, एकोणसत्तर अशा संख्याही चुकतात. उत्तर चुकण्याचे मुख्य कारण हेच आहे.

शाळेत आम्ही रोज परिपाठानंतर पाच संख्या लिहून घेणार आहोत. घरी रात्री जेवणाआधी पाच संख्या सांगाव्यात. संख्या पूर्ण सांगून होईपर्यंत तिने पेन्सिल उचलू नये. आधी 'सहा दहा आणि तीन' असे तोंडाने म्हणावे, मग लिहावे. पाढे पाठ करून घेण्याची सध्या गरज नाही.

नोव्हेंबरअखेर पुन्हा दहा संख्या घेऊन वहीत कळवतो."

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं ते पाढ्यांचं वाक्य मुद्दाम आहे. काय करू नये हेही सांगावं लागतं, नाहीतर पाच संख्या राहतात बाजूला आणि बे एक बे सुरू होतं.

'हुशार', 'मेहनती', 'समाधानकारक' असा एकही शब्द त्यात नाही, तरी वाचताना पोरगी पुढे गेली आहे हे कळतं. टिप्पणी लिहून झाली की एक परीक्षा करावी: नाव झाकून ती वर्गातल्या दुसऱ्या पोराला चिकटवता येते का? येत असेल तर ती अजून लिहून झालेली नाही.

दाखवण्यासारखी प्रगतीच नसेल तर?

खोटी लिहू नये. पालकांना कळतं, आणि पुढच्या वेळी खऱ्यावरही विश्वास बसत नाही. पण आधी दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवून बघावे. गुण तेवढेच असले तरी चुकीची जात बदललेली असते. जूनमध्ये मात्रा-वेलांट्याच नव्हत्या, आता आहेत पण ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ही प्रगतीच आहे. जूनमध्ये प्रश्न कोरे सोडायचा, आता चुकीचं का होईना लिहितो, हीसुद्धा.

खरंच काही हललं नसेल तर तसं सरळ लिहावं आणि शाळेने काय केलं, आता काय बदलणार, हे त्याच ओळीत यावं. "वाचन जूनइतकेच आहे. मोठ्या गटात वाचून उपयोग झाला नाही, आता जेवणाच्या सुट्टीआधी मी त्याला एकट्याला ऐकणार आहे." चार महिन्यांत हललं नाही याचा सगळा भार पोरावर टाकणारी टिप्पणी घरी गेली की पोराला मार बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. आपल्या कागदाने तेच काम घरी करवून घेऊ नये.

कामं किती सुचवायची?

एकच. फार तर दोन. पाच लिहिली की एकही होत नाही.

घरी कुणाला वेळच नसतो. मग सुचवायचं तरी काय?

घर बघून सुचवायचं. निपाणीत आई विड्या वळत बसलेली असते. तिचे हात गुंतलेले, पण तोंड आणि कान मोकळे. ती संख्या सांगू शकते, पोराचं वाचन ऐकू शकते, वही तपासू शकत नाही. वडगाव-शहापुरात घरातच माग चालू असेल तर त्या खडखडाटात ऐकून लिहिण्याचं काम द्यायचं नाही, बघून करायचं द्यायचं, नाहीतर माग थांबल्यावरची वेळ सुचवायची. दूध घालायला डेअरीवर जाणाऱ्या पोराला रोजची लिटर आणि रक्कम वहीत उतरवायला सांगितलं की दशांशाचा सराव आपोआप होतो.

शिकवणी लावा, असं टिप्पणीत लिहू नये. ते काम आपलं.

सुगीत आणि ऊसतोडीला पोरं गैरहजर राहतात. ते कसं मांडायचं?

दिवस मोजून, आणि त्या दिवसांत सुटलं काय ते सांगून. "नियमित शाळेत पाठवावे" हे वाक्य इतक्यांदा गेलेलं असतं की ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी: "ऑगस्टमध्ये रोपलावणीच्या वेळी सुरेश ११ दिवस आला नाही. त्या दिवसांत भागाकाराची सुरुवात झाली. म्हणून त्याला भागाकार येत नाही, बाकी गणित येते." आता बापाला कळतं की पोरगं मठ्ठ नाही, गाडी चुकली आहे.

खानापूरकडे भाताची कापणी-मळणी दसऱ्यानंतर येते आणि कागवाड-अथणीकडे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. पहिल्या सत्राची टिप्पणी हातात पडते ती नेमकी त्याच्या आधी. म्हणून पुढचंही सांगून ठेवावं: सुगीत पूर्ण दिवस जमत नसेल तर अमुक तासाला तरी पाठवा, त्या तासाला अपूर्णांक सुरू आहेत. काही घरं ऐकतात. सगळी नाही ऐकत.

पालकांना मराठी वाचता येत नसेल तर?

आधी चौकशी करावी, अंदाज बांधू नये. इथे घराघरात वेगळी तऱ्हा. वडील कन्नड शाळेत शिकलेले आणि आई चंदगडकडून आलेली, म्हणून मराठी तीच वाचते, अशी घरं पुष्कळ. तिथे टिप्पणी आईच्या हातात पडायला हवी. सही वडिलांची लागते म्हणून कागद त्यांच्याकडेच जातो आणि न वाचता सही होऊन परत येतो.

दोघांनाही वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्यायला सांगू नये. स्वतःबद्दलचं नको ते पोर गाळतं, आणि त्याला नाव ठेवता येत नाही. भेटीत आपणच वाचून दाखवावी. जमलंच नाही तर फोनवर एक मिनिटाचा आवाज भरून पाठवावा, शाळेत बोलतो त्याच बोलीत: "वहिनी, पूजा वाचायला लागलीय चांगलं. खरं आकडे उलटे लिहितीय बघा, त्रेसष्ट म्हटलं की छत्तीस." लेखी टिप्पणी फाईलला राहतेच. वर्गाच्या ग्रुपवर मात्र कुणा एकाची टिप्पणी टाकायची नाही, कौतुकाची असली तरी.

वागण्याबद्दल लिहावं का?

पाहिलं तेवढंच लिहावं. "खोडकर आहे" हा शिक्का झाला. "स्वतःचं लवकर संपलं की शेजारच्याची वही ओढतो" हे पाहिलेलं आहे, आणि त्यातच उपाय दिसतो: त्याला काम कमी पडतंय. चोरी, मारामारी, घरातली भांडणं कागदावर आणू नयेत. ते समोरासमोर, दार लावून.

अक्षरं उलटी लिहितो म्हणजे काहीतरी दोष असेल, असं सुचवावं का?

दोषाचं नाव लिहू नये, ते ठरवणं आपलं काम नाही. काय दिसलं ते लिहावं. फळ्यावरचं उतरवताना चुकतो पण पुस्तकातलं बरोबर उतरवतो, असं असेल तर आधी पुढच्या बाकावर बसवून बघा आणि डोळे तपासायला सांगा. आरबीएसकेचं आरोग्य पथक शाळेत येतं, तेव्हा अशा पोरांची यादी तयार ठेवावी. पूजासारखी एकाच जातीची, एकाच भाषेतली चूक ही बहुधा शिकवण्याने जाते. नीट सराव देऊनही महिनोन् महिने चूक हलत नसेल तर मुख्याध्यापकांमार्फत तपासणीची वाट धरावी.

चाळीस पोरांच्या अशा टिप्पण्या कधी लिहून व्हायच्या?

एका बैठकीत होत नाहीत, आणि कराव्याही नयेत. विसाव्या पोरापासून पुढे सगळ्यांना एकच वाक्य जायला लागतं. परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत रोज दोन-तीन घ्याव्या. पुरावे तोवर तयार असतात, ग्रेडची वाट बघायची गरज नसते. पहिल्यांदा मधली पोरं घ्यावी. वरची आणि खालची आपल्या डोळ्यांसमोर असतातच. मधल्या पंधरा-वीस पोरांबद्दल लिहायला बसलं की काही सुचत नाही, तेव्हाच कळतं की यांच्याकडे सत्रभर नीट बघणं झालेलं नाही. मग दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्याकडे नजर जाते. तयार वाक्यांची यादी करून त्यातून निवडण्याची पद्धत काही शाळांत आहे. वेळ वाचतो खरं, पण भावंडांच्या दोन टिप्पण्या एका घरात शेजारी ठेवल्या की बिंग फुटतं.

पालक वाद घालायला आले तर?

कागद काढायचे. जूनचा आणि सप्टेंबरचा. "घरात सगळं येतंय की ओ, शाळेतच कसं चुकतंय?" म्हणणाऱ्या आईसमोर पोरीला पाच संख्या सांगाव्या आणि काय होतं ते दोघांनी बघावं. चारचौघांत नव्हे, बाजूला बसून. कधी कधी ती खरंच बरोबर लिहिते, कारण घरी आई हळू, तोडून सांगत असते: "साठ आणि तीन." मग अडचण आणखी नेमकी कळते, आणि टिप्पणीत तशी दुरुस्ती करून द्यावी.

दुसऱ्या सत्रात या टिप्पणीचं काय करायचं?

देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण एप्रिलची टिप्पणी तिथूनच सुरू होते. नोव्हेंबरअखेर कळवतो म्हटलं होतं, तर तेव्हा दोन ओळी वहीत जायलाच हव्यात. त्या गेल्या नाहीत की पुढच्या कागदावरचा घरचा विश्वास उडतो. पूजासाठी पुन्हा तपासताना तेच दहा आकडे घेऊ नयेत, ते पाठ झालेले असतात. जात तीच ठेवावी: चार उलटण्यासारख्या, दोन एकोणवाल्या, दोन सारख्या अंकांच्या, दोन पुऱ्या दशकांच्या. उलटण्याच्या चुका गेल्या आणि एकोणच्या राहिल्या, असं बहुतेकदा होतं. तसं असेल तर परिपाठानंतरच्या पाच संख्या बदलाव्या आणि वहीत लिहावं: "त्रेसष्ट आता बरोबर येते. यापुढे फक्त एकोणतीस ते एकोणनव्वद घ्या. 'तीसला एक कमी किती?' असे आधी विचारा, मग लिहू द्या."